कथा: एकच रकाना

रातकिडा (धागालेखक)

बरेच दिवस डोक्यात घोळत होती, एकदाची टाइप केली. पात्रं, कंपन्या, करार सगळं काल्पनिक. वाचा आणि बिनधास्त झोडा.

---

संध्याकाळी सातला मॅडमनी कराराची फाइल पाठवली आणि त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "ब्याऐंशी पानं आहेत. आपला नेहमीचा फॉर्म भरायचा, दोन पानांच्या वर नको. उद्या दहाला क्लायंटची समोरच्यांशी बैठक आहे, मला नऊला हातात पाहिजे." एवढं बोलून त्या निघाल्या. त्याला लागून चारच महिने झाले होते, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

क्लायंटने गोदामात माल हलवणारी स्वयंचलित यंत्रणा बसवायचं आणि पुढे ती सांभाळायचं काम एका पुरवठादाराला दिलं होतं. करारावर सही झाल्यापासून महिन्याभरात यंत्रणा चालू व्हायला हवी होती, ती मुदत उलटून वीस आठवडे झाले तरी झाली नव्हती. उद्याच्या बैठकीत भरपाई किती मागायची हे ठरणार होतं.

फॉर्म म्हणजे साधा तक्ता. डावीकडे प्रश्न छापलेले, उजवीकडे एकेक रकाना. मुदत किती, फी किती, नोटीस किती दिवसांची, दायित्वाची कमाल मर्यादा किती. अकरा वाजेपर्यंत मुख्य करार संपत आला आणि मर्यादेच्या रकान्यात त्याने लिहिलं, "कलम ११.३: करारातील इतर काहीही असले तरी, पुरवठादाराचे एकूण दायित्व मागील १२ महिन्यांत त्याला दिलेल्या फीपेक्षा जास्त असणार नाही." स्वच्छ वाक्य होतं, एका ओळीत बसत होतं. पुढे गेला.

आता उरली परिशिष्टं. ती तो एरवी चाळायचा, कारण त्यात यंत्रांची मापं आणि वेळापत्रकंच असतात. त्याने शॉर्टकट म्हणून सर्चमध्ये "दायित्व" टाकलं. सगळे निकाल पान चोपन्नच्या आत आले. "भरपाई" टाकलं, तेही चोपन्नच्या आत. मग "करार" टाकलं, जो शब्द दर पानावर असणारच, तर शेवटचा निकाल पुन्हा चोपन्नवर. तेव्हा उजेड पडला. पंचावन्नपासून पुढची पानं स्कॅन केलेली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती नुसती चित्रं, त्यात शब्दच नव्हते. अठ्ठावीस पानं डोळ्यांनी वाचायची होती आणि एक वाजून गेला होता.

परिशिष्ट ४, परिच्छेद ६. चालू करण्याच्या तारखेला उशीर झाल्यास दर आठवड्याला वार्षिक फीच्या दोन टक्के. आणि खाली तिरक्या झालेल्या पानाच्या कडेला, "या परिच्छेदाखालील रकमांना कोणतीही मर्यादा नाही आणि त्यांना कलम ११ लागू होणार नाही."

त्याने ते तीनदा वाचलं. मग मागे जाऊन ११.३ वाचलं. "करारातील इतर काहीही असले तरी." म्हणजे एक कलम म्हणतंय माझ्यापुढे कोणी नाही, आणि दुसरं म्हणतंय तू मला लागूच नाहीस.

पहिला विचार असा आला की हे कुठेतरी सोडवलेलं असणार, आणि होतंही. कलम १.४: मुख्य करार आणि परिशिष्ट यांत विसंगती आल्यास मुख्य करार ग्राह्य. त्याला हायसं वाटलं, मग त्याच वाक्याचं शेपूट दिसलं. "मात्र परिशिष्टात ते मुख्य कराराहून वरचढ असल्याचे स्पष्ट नमूद केले असल्यास परिशिष्ट ग्राह्य." आता "कलम ११ लागू होणार नाही" म्हणजे वरचढ असल्याचं स्पष्ट नमूद करणं झालं का? वरचढ हा शब्द तर परिच्छेद ६ मध्ये कुठेच नव्हता. पण मग त्या वाक्याचा दुसरा अर्थ तरी काय लावायचा?

त्याने कागदावर आकडे मांडले. वार्षिक फी शंभर धरली. फी तिमाही संपल्यावर द्यायची, त्यामुळे साडेपाच महिन्यांत एकच हप्ता गेलेला, पंचवीस. ११.३ धरलं तर क्लायंटला जास्तीत जास्त पंचवीस मिळणार. परिशिष्ट धरलं तर वीस आठवड्यांचे दोन टक्क्यांनी चाळीस, आणि आकडा दर आठवड्याला वाढतोय.

आणि रकाना एकच.

रकान्यात पंचवीसवालं वाक्य आधीच बसलेलं होतं. ते तसंच ठेवलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं, कारण ते खोटं नव्हतंच, करारात शब्दशः होतं. ते खोडून परिशिष्टाचं लिहिलं असतं तरी तेही करारात शब्दशः होतं. दोन्हीपैकी काहीही लिहिलं की दुसरं कलम उद्याच्या खोलीत अस्तित्वातच नसणार होतं, कारण ब्याऐंशी पानं कोणीच वाचणार नव्हतं, सगळे त्याची दोन पानं वाचणार होते.

तीन वाजता त्याने रकाना आडवा फोडून त्याचे तीन केले. पहिल्यात ११.३, दुसऱ्यात परिशिष्ट ४ परिच्छेद ६, तिसऱ्यात १.४ शेपटासकट, तिन्ही जशीच्या तशी, पान क्रमांकासह. खाली लिहिलं, "या तिन्हींचा मेळ बसत नाही. आजच्या तारखेला फरक: वार्षिक फीच्या २५ टक्के की ४०." मग राहवेना म्हणून आणखी एक ओळ लिहिली, "माझ्या मते परिशिष्ट ग्राह्य धरावे." फॉर्म तिसऱ्या पानावर गेला.

नऊला मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं. पेन काढून शेवटची ओळ खोडली. बाकी काही खोडलं नाही. "हे परिशिष्ट लिहिलं कोणी, आपल्या बाजूने की त्यांच्या?" त्याला माहीत नव्हतं. "शोध. पावणेदहापर्यंत." आणि तीन पानं घेऊन त्या खाली गेल्या.

---

मोरपंखी

मस्त. सर्चचे निकाल चोपन्नवर थांबतात ते एकदम आवडलं, माझ्याही बाबतीत असंच काहीसं झालंय. पण शेवटी मॅडम इतक्या शांत? आमच्याकडे तिसरं पान बघून आधी दहा मिनिटं लेक्चर झालं असतं.

ठाम_मत

कथा ठीक पण गुंता उगाच वाढवलाय. सरळ नियम आहे की सामान्य कलमापेक्षा विशेष कलम वरचढ. ११.३ सगळ्या दायित्वाबद्दल सामान्य, परिच्छेद ६ फक्त उशिराबद्दल, म्हणजे विशेष. परिशिष्ट जिंकलं, चाळीस टक्के, विषय संपला. पोराची खोडलेली ओळ बरोबरच होती.

दस्तऐवज

@ठाम_मत, नियम खरा आहे पण तुम्ही तो फार लवकर बाहेर काढलात. विशेष-सामान्य वगैरे गोष्टी करार स्वतः गप्प असतो तेव्हा कामाला येतात. इथे करार गप्प नाहीये, १.४ मध्ये पक्षांनी स्वतःच सांगितलंय की भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं. त्यामुळे आधी १.४ चा अर्थ लावावा लागेल आणि तिथेच तर घोडं अडलंय.

आणि त्याच्याही आधी एक पायरी असते जी या पोराने रात्री तीनला नकळत केली, ती म्हणजे ही खरंच विसंगती आहे का ते बघणं. दोन कलमं शेजारी शेजारी नांदू शकत असतील तर तशीच नांदवायची, एकाला मारायचं नाही. युनिड्रॉ तत्त्वांमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांसाठीच्या, कलम ४.५ हेच सांगतं, की अर्थ असा लावा की प्रत्येक शब्दाला काहीतरी काम राहील. आता लावून बघा. पंचवीस टक्केवाला अर्थ घेतला तर परिच्छेद ६ चं शेवटचं वाक्य पूर्ण मरतं, त्याला कामच उरत नाही. चाळीसवाला घेतला तर ११.३ जिवंत राहतं, उशीर सोडून बाकी सगळ्याला लागू होतं, फक्त "इतर काहीही असले तरी" हे शब्द थोडे जखमी होतात. मी असतो तर क्लायंटच्या बाजूने हे पहिलं मांडलं असतं. पण समोरचा वकील म्हणणार की जखमी कसले, ते शब्द बरोब्बर याच प्रसंगासाठी घातले होते. त्यामुळे "विषय संपला" असं मी तरी लिहून देणार नाही, आणि मॅडमनी ती ओळ का खोडली तेही कळतं. मत द्यायला हरकत नव्हती, पण सारांशात ते घातलं की वाचणारा वरचे तीन रकाने वाचतच नाही.

ठाम_मत

म्हणजे शेवटी परिशिष्टच ना? मी तेच म्हणत होतो.

दस्तऐवज

निष्कर्ष जवळपास तोच, रस्ता वेगळा. आणि बैठकीत रस्ताच विचारतात.

घरमालक_त्रस्त

या धाग्यावर जाणकार दिसताहेत म्हणून विचारतो. माझ्या भाडेकरारात एका ठिकाणी लिहिलंय घर सोडताना एक महिन्याची नोटीस, आणि शेवटच्या पानावर हाताने लिहिलंय दोन महिने, त्यावर दोघांच्या सह्या आहेत. भाडेकरू म्हणतोय छापलेलं खरं. मी कोर्टात जाऊ का?

दस्तऐवज

आधी शांत व्हा :) दोन्ही सह्या असतील तर हाताने लिहिलेलं साधारणपणे छापलेल्यापेक्षा वजनदार धरतात, कारण छापील मजकूर नमुन्यातून येतो आणि हाताने लिहिलेलं त्या दोघांनी त्या दिवशी विचार करून लिहिलेलं असतं. पण भाड्याला जागोजागी वेगळे कायदे असतात, ते तुमच्या कागदाच्याही वर बसतात. तुमच्या भागातल्या माणसाला दाखवा. आणि एका महिन्यासाठी कोर्ट नको.

काँक्रीटमित्र

मी बांधकामातला, कायद्याचा नाही. आमच्याकडे हा प्रकार इतका नेहमीचा आहे की फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा बांधकामाचा जो नमुना करार आहे, त्या १९९९ च्या लाल पुस्तकात कलम १.५ मध्ये कागदपत्रांची उतरंडच दिलीय. सगळ्यात वर करारनामा, मग स्वीकृतीपत्र, निविदापत्र, मग विशेष अटी, मग सामान्य अटी, खाली स्पेसिफिकेशन, ड्रॉइंग्ज आणि सगळ्यात खाली परिशिष्टं वगैरे. म्हणजे आमच्या हिशोबाने परिशिष्ट हरलं असतं.

पण यावरून ती रॉबिन रिगची केस आठवली, समुद्रातल्या पवनचक्क्यांची. ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट, २०१७. ठेकेदार एमटी होयगार्ड, मालक ई.ऑन. करारात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं की पाया वाजवी कौशल्याने आणि ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डिझाइन करायचा. ठेकेदाराने केला. घोळ असा की त्या मानकातल्या एका समीकरणातच चूक निघाली, ताकद साधारण दहापट जास्त येत होती. जोड सरकायला लागले, दुरुस्तीचा खर्च अडीच कोटी युरोंच्या वर. ठेकेदार म्हणाला, मी वाजवी कौशल्य वापरलं, मानक पाळलं, माझा काय दोष? पण तांत्रिक गरजांच्या कागदात आत कुठेतरी एक उपपरिच्छेद होता की पायाच्या डिझाइनने वीस वर्षांचं आयुष्य मिळालंच पाहिजे. मधल्या कोर्टाने म्हटलं की इतक्या बारीक धाग्यावर एवढी मोठी जबाबदारी टांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. दोन कलमं वेगवेगळी पातळी सांगत असतील तर कमी कडक ती किमान पातळी समजा आणि जास्त कडक तीही पाळा, आणि वाक्य तांत्रिक कागदात आहे म्हणून ते हलकं होत नाही.

तेव्हापासून मी परिशिष्ट आधी वाचतो आणि मुख्य करार नंतर.

दस्तऐवज

@काँक्रीटमित्र, उत्तम आठवण. फक्त ती कथेला जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे दोन्ही कलमं एकाच वेळी पाळता येत होती, वाजवी कौशल्यही आणि वीस वर्षंही. इथे एक म्हणतंय मर्यादा आहे, दुसरं म्हणतंय नाही, दोन्ही पाळणं शक्यच नाही. पण तांत्रिक कागदातलं वाक्य तितकंच वजनदार, हा भाग मात्र लागू पडतो.

पोटमाळा

मला कायदा कळत नाही पण करार टाइप करायचं काम बरीच वर्षं केलं. मला वेगळीच शंका येतेय. परिशिष्टात "कलम ११" लिहिलंय ते हेच अकरा कशावरून?

होतं काय की मुख्य करार वकील लिहितात आणि परिशिष्ट त्यांचे इंजिनियर, वेगळ्या फाइलमध्ये. मसुदा फिरत राहतो, मध्येच कोणीतरी गोपनीयतेचं एक नवं कलम घुसवतं आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. वर्डमध्ये आपोआप बदलणारे संदर्भ लावले असतील तर मुख्य करारातले सुधारतात, पण हाताने टाइप केलेला आकडा तिथेच राहतो, आणि स्कॅन करून जोडलेल्या कागदात तर कोण सुधारणार? समजा जुन्या मसुद्यात अकरा नंबरला फोर्स मेजर, म्हणजे पूर-भूकंपासारख्या हाताबाहेरच्या संकटाचं कलम होतं. मग परिच्छेद ६ चा अर्थ होतो की उशिराच्या भरपाईतून फोर्स मेजरचं कारण सांगून सुटता येणार नाही, जे अगदी समजण्यासारखं आहे. आणि दायित्वाच्या मर्यादेशी त्याचा काही संबंधच नाही!

बघायची खूण सोपी आहे. परिशिष्टातले बाकीचे संदर्भ तपासायचे. समजा तिथे लिहिलंय "कलम ७ प्रमाणे फी" आणि मुख्य करारात फी आठव्या कलमात असेल, तर समजायचं की सगळी गाडी एका डब्याने मागे आहे.

दस्तऐवज

हे भारी आहे. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पण परिच्छेद ६ मध्ये त्याच वाक्यात "कोणतीही मर्यादा नाही" असंही आहे ना, त्यामुळे अकरा म्हणजे मर्यादेचंच कलम असण्याची शक्यता जास्त. तरी तपासायलाच हवं.

रातकिडा

@पोटमाळा, जुने मसुदे रात्री त्याच्याकडे नव्हते, ते मॅडमच्या मेलमध्ये असणार. पण बाकीचे संदर्भ ताडून बघायला मसुदे लागत नाहीत, ते त्याला जमलं असतं. कथेत घालू का असा विचार करतोय. घातलं तर शेवट बदलेल.

@मोरपंखी, मॅडम शांत नाहीत, त्यांच्याकडे वेळ नाहीये :)

सव्वाशेर

सगळे पंचवीस की चाळीस करताय, पण तो पंचवीस तरी पक्का आहे का? "मागील १२ महिन्यांत दिलेल्या फीपेक्षा." मागील म्हणजे कशाच्या मागील? मागणी केली त्या दिवसाच्या की उशीर सुरू झाला त्या दिवसाच्या? उशीर सुरू झाला तेव्हा करार फक्त महिन्याचा होता आणि एक पैसाही दिला नव्हता, म्हणजे मर्यादा शून्य! आणि मागणीच्या दिवसापासून मोजलं तर क्लायंटने दोन आठवडे थांबून दुसरा हप्ता भरावा आणि मग मागणी करावी, मर्यादा एकदम पन्नास, बावीस आठवड्यांचे चव्वेचाळीस आरामात बसतात, परिशिष्टाचं भांडण लागतच नाही.

ठाम_मत

काम न झालेल्या माणसाला आणखी पैसे द्यायचे? काहीही.

सव्वाशेर

देणं आहेच की, तिमाहीची फी करारात ठरलीय. प्रश्न फक्त आधी मागणी की आधी हप्ता.

दस्तऐवज

चतुर आहे, पण मर्यादा शून्य येते असा अर्थ कुठलंही कोर्ट सहजासहजी लावणार नाही, त्याने पुरवठादाराला सुरुवातीच्या काळात काहीच जबाबदारी उरत नाही. असा घोळ होऊ नये म्हणून काळजीवाले लोक "दिलेली" ऐवजी "दिलेली किंवा देय" लिहितात, आणि पहिल्या वर्षासाठी पूर्ण वर्षाची फी धरायची असं वेगळं सांगतात. हप्त्याच्या युक्तीबद्दल मी इथे काही बोलत नाही. फी यंत्रणा चालू होण्याआधीही द्यायची होती का ते लेखकाने सांगितलेलं नाही, आणि क्लायंटला ती अडवून धरायचा हक्क असेल तर भरून बसणं महागात पडू शकतं.

मोरपंखी

मला एक कळेना, मॅडमनी परिशिष्ट कोणी लिहिलं ते का विचारलं? लिहिणारा कोणीही असो, सही दोघांची आहे ना.

काँक्रीटमित्र

कारण अर्थ दोन्हीकडे लागत असेल तर ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध लावतात. संदिग्ध लिहिलंस ना, मग भोग.

दस्तऐवज

हो, युनिड्रॉमध्ये ते ४.६. पण हे शेवटचं हत्यार आहे, आणि दोन्ही बाजूंनी वकील लावून मसुदे फिरवलेल्या करारात त्याची धार फार कमी होते. मला वाटतं मॅडमना वेगळंच हवं होतं. परिशिष्ट क्लायंटच्या इंजिनियरने लिहिलं असेल तर "कलम ११ लागू नाही" हे वाक्य मुद्दाम घातलंय, आणि त्या माणसाला फोन करून विचारता येईल की समोरच्यांनी ते वाचून मान्य केलं होतं का, त्याचं काही मेल आहे का. काही ठिकाणची कोर्टं असली वाटाघाटीतली मेलं अर्थ लावताना बघतच नाहीत, पण दहाच्या बैठकीत कोर्ट नसतं. समोरच्याला त्याचंच मेल दाखवलं की तो नरमतो.

पोटमाळा

आणि पुरवठादाराच्या माणसाने लिहिलं असेल तर?

सव्वाशेर

तर मग तो स्वतःच्या विरुद्ध असलं वाक्य का लिहील? तेव्हा तुमचा एका डब्याने मागे असलेल्या गाडीचा मुद्दा पुन्हा उभा राहतो.

रातकिडा

पावणेदहापर्यंत त्याने काय शोधलं ते लिहायला घेतलंय. आधी परिशिष्टातले सगळे संदर्भ ताडतो, आणि "कलम ७ प्रमाणे फी" हे मुख्य करारात खरंच आठव्यात निघतं. पुढचा भाग इथेच टाकतो.

ठाम_मत

म्हणजे माझे चाळीस गेले?

पोटमाळा

गेले नाहीत, पण एक संदर्भ चुकला म्हणून सगळेच चुकले असंही नाही. बाकीचे किती चुकतात ते लिहा बघू आधी.